मोबदल्याची रक्कम : एकरकमी गुंतवावी की हप्त्याहप्त्याने?

उरण तालुक्याच्या गेल्या अर्धशतकाचा इतिहास लिहायचा झाला, तर तो जमिनीचे पैशात रूपांतर होण्याचा इतिहास म्हणून लिहावा लागेल. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण परिसरातील गावांची भातशेती, खाजणे आणि मिठागरे संपादित होऊ लागली. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली, ती याच संघर्षाचे फलित होय. १९८९ साली न्हावा शेवा येथील बंदर सुरू झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू वाहतुकीस खुला झाला. या प्रत्येक टप्प्यावर तालुक्यातील काही कुटुंबांच्या हाती आयुष्यात एकदाच येणारी मोठी रक्कम आली. कुणाला ती जमिनीचा मोबदला म्हणून मिळाली, कुणाला साडेबारा टक्क्यांचा भूखंड विकून. ज्यांच्या नावे कधी सातबाराच नव्हता अशा आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांना ती बंदरातील किंवा एखाद्या सरकारी प्रकल्पातील नोकरीच्या अखेरीस भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान यांच्या रूपाने मिळाली.

मोबदला कसा मिळवावा, यावर आपल्याकडे पुष्कळ विचार आणि लढा झाला. मिळालेला मोबदला कसा राखावा, यावर त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले. आमचे माजी विद्यार्थी आणि पालक अलीकडे वारंवार एकच प्रश्न विचारतात : "सर, आलेली रक्कम म्युच्युअल फंडात एकदम टाकावी, की एसआयपी करावी?" या लेखात आम्ही तेवढ्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

प्रश्नातच दडलेला गोंधळ

एसआयपी म्हणजे ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम गुंतवण्याची पद्धत. ही पद्धत मुळात पगारदारासाठी सोयीची आहे. त्याच्याकडे दरमहा पैसा येतो आणि त्यातील एक भाग दरमहा गुंतवला जातो. एकरकमी की हप्त्याने, हा प्रश्न त्याच्यापुढे नसतोच, कारण एकरकमी गुंतवायला त्याच्यापाशी रक्कमच नसते.

ज्याच्या खात्यात साठ लाख रुपये आज जमा झाले आहेत, त्याची स्थिती निराळी आहे. त्याने ऐकीव सल्ल्यावरून दरमहा दहा हजारांची एसआयपी सुरू केली, तर साठ लाख गुंतवून संपायला सहाशे महिने, म्हणजे पन्नास वर्षे लागतील! तोवर उरलेली रक्कम बचत खात्यात अल्प व्याजावर पडून राहील, आणि प्रत्यक्षात ती पडूनही राहणार नाही. गाडी, लग्न, नातेवाइकाची उसनवारी, कुणीतरी सुचवलेली 'महिना दोन टक्क्यांची' योजना अशा वाटांनी ती झिरपत जाईल. आपण एसआयपी केली, म्हणजे पैशाची व्यवस्था लावली, हे समाधान येथे फसवे ठरते.

म्हणून मोठी रक्कम हाती असलेल्याने प्रश्न असा मांडावा : या रकमेपैकी जो भाग शेअर बाजाराशी निगडित फंडात जाणार आहे, तो एका दिवशी जावा की काही महिन्यांत विभागून? आणि विभागून जाणार असेल, तर वाट पाहणारा पैसा तोवर कोठे राहावा?

एकाच रकमेच्या दोन कहाण्या

इतिहासाच्या अभ्यासकाला मतापेक्षा दाखला अधिक विश्वासार्ह वाटतो. मुंबई शेअर बाजाराच्या सेन्सेक्सचे महिनाअखेरचे आकडे घेऊन आम्ही दोन लगतच्या वर्षांचा हिशेब मांडला आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून सेन्सेक्सच थेट विकत घेता येतो असे मानले आहे आणि लाभांश, खर्च व कर बाजूला ठेवले आहेत.

पहिल्या कहाणीत एका व्यक्तीपाशी ३१ डिसेंबर २००७ रोजी १२ लाख रुपये आहेत. त्या दिवशी सेन्सेक्स सुमारे २०,२८७ होता. बाजार तेजीत होता आणि गावोगावी शेअरची चर्चा चालू होती. या व्यक्तीने सर्व पैसे त्याच दिवशी गुंतवले. पुढल्या वर्षी जागतिक मंदी आली आणि ३१ डिसेंबर २००८ रोजी सेन्सेक्स ९,६४७ वर उतरला. बारा लाखांचे सुमारे ५ लाख ७१ हजार झाले.

तिच्या शेजाऱ्याने तेवढीच रक्कम दरमहा एक लाख अशा बारा हप्त्यांत गुंतवली. पहिला हप्ता ३१ डिसेंबर २००७ रोजी आणि शेवटचा नोव्हेंबर २००८ अखेर. बाजार जसा उतरत गेला, तसे त्याच एक लाखात त्याला अधिक युनिट मिळत गेले. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये त्याला पहिल्या हप्त्याच्या दुपटीहून अधिक युनिट मिळाले. वर्षअखेर त्याचेही नुकसान झालेच. परंतु त्याच्यापाशी सुमारे ८ लाख १८ हजार शिल्लक होते. ३१ डिसेंबर २०१० रोजी सेन्सेक्स २०,५०९ वर आला. तेव्हा एकरकमी गुंतवणाऱ्याचे कसेबसे १२ लाख १३ हजार झाले होते, तर हप्त्याने गुंतवणाऱ्याचे सुमारे १७ लाख ३९ हजार.

येथे थांबलो, तर हप्त्याची पद्धत श्रेष्ठ असा निष्कर्ष निघेल. अनेक विक्रेते नेमके येथेच थांबतात. म्हणून दुसरी कहाणीही पाहावी.

आणखी दोघांपाशी प्रत्येकी १२ लाख रुपये बरोबर एक वर्षाने, ३१ डिसेंबर २००८ रोजी आले. बाजार कोसळलेला होता आणि शेअरचे नाव काढायलाही लोक धजावत नव्हते. एकाने सर्व रक्कम त्या दिवशी ९,६४७ च्या भावाने गुंतवली. दुसऱ्याने सावधपणे बारा हप्ते केले. पहिले चार हप्ते स्वस्तात पडले. परंतु मे २००९ मध्ये बाजार उसळला आणि नंतरचे हप्ते १४ ते १७ हजारांच्या भावाने गेले. ३१ डिसेंबर २०१० रोजी एकरकमी गुंतवणाऱ्याचे सुमारे २५ लाख ५१ हजार झाले होते, तर हप्त्याने गुंतवणाऱ्याचे सुमारे १९ लाख ६५ हजार. सावधगिरीची किंमत जवळजवळ सहा लाख पडली.

दोन्ही कहाण्यांत पद्धती त्याच होत्या. फरक पडला तो पुढील बारा महिन्यांत बाजार कोणीकडे गेला यामुळे, आणि ते कोणालाही आधी ठाऊक नव्हते. किंबहुना पहिल्या वेळी वातावरण उत्साहाचे होते आणि दुसऱ्या वेळी भीतीचे, म्हणजे लोकांचा अंदाज दोन्ही वेळा उलटा ठरला.

मग सर्वसाधारण कल कोणता?

व्हॅनगार्ड या गुंतवणूक संस्थेने २०१२ साली अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या तीन देशांच्या बाजारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठी रक्कम लगेच गुंतवणे आणि ती वर्षभर विभागून गुंतवणे यांची तुलना केली असता, सुमारे दोन तृतीयांश वेळा लगेच गुंतवणारा पुढे राहिला, असे त्यात आढळले. कारण साधे आहे. बाजार दीर्घकाळात पडतो त्यापेक्षा अधिक वेळा चढतो. म्हणून बाहेर वाट पाहणारा पैसा बहुतेक वेळा काही कमाई गमावतो.

परंतु उरलेली एक तृतीयांश वेळही खरीच असते. ज्याला दर चार-पाच वर्षांनी मोठी रक्कम मिळते, तो सरासरीवर विसंबू शकतो. ज्याची जमीन एकदाच गेली आणि जिला पैसा एकदाच मिळाला, त्यांच्या वाट्याला सरासरी येत नाही. एकच प्रसंग येतो. तो प्रसंग डिसेंबर २००७ चा निघाला, तर बारा लाखांचे पाऊणेसहा लाख झालेले पाहून किती जण स्वस्थ बसतील? बहुतेक जण घाबरून पैसे काढून घेतात आणि तात्पुरते नुकसान कायमचे करून ठेवतात. भात गेले तरी जमीन राहते, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. शेअर बाजाराच्या घसरणीत भाव जातो, युनिट राहतात, हे तितक्या सहजपणे मनाला पटत नाही.

म्हणून हप्त्यांकडे आम्ही अधिक नफ्याची युक्ती म्हणून पाहत नाही. तो एक विमा आहे असे मानतो. विम्याला हप्ता भरावा लागतो, तसा यालाही खर्च आहे, आणि तो मोजता येतो. समजा, शेअरच्या फंडातून दीर्घकाळात वर्षाला ११ टक्के आणि वाट पाहण्याच्या सुरक्षित जागेत ६ टक्के मिळतील असे गृहीत धरले, तर फरक ५ टक्क्यांचा. बारा महिन्यांत विभागलेल्या रकमेचा सरासरी निम्मा भाग वर्षभर बाहेर असतो. १८ लाखांवर हा अपेक्षित खर्च सुमारे ४५ हजार रुपये होतो. तेवढ्यात पहिल्याच वर्षीच्या मोठ्या पडझडीपासून बरेचसे संरक्षण मिळत असेल, तर तो वाजवी म्हणता येईल. मात्र हेच हप्ते पाच वर्षे लांबवले, तर त्याच हिशेबाने खर्च सव्वादोन लाखांवर जातो. सहा ते बारा महिने ही आम्हाला योग्य वाटणारी मर्यादा आहे, ती याच कारणाने.

या विम्याची मुदत हप्त्यांबरोबरच संपते, हेही ध्यानात ठेवावे. बारावा हप्ता गेल्यानंतर सर्व रक्कम बाजारात असते आणि तेराव्या महिन्यात बाजार पडला, तर ती सर्वच्या सर्व पडते. त्या पडझडीपासून हप्ते वाचवत नाहीत. शेअरच्या फंडात मुळात किती टाकायचे, हा आधीचा निर्णयच तेथे वाचवतो.

साठ लाखांची मांडणी

हे सर्व एका उदाहरणावर लावून पाहू. समजा, तालुक्याच्या पूर्व भागातील एका पन्नाशीतील दांपत्याला भावाबहिणींचे हिस्से वजा जाता ६० लाख रुपये मिळाले. घरखर्च दरमहा ३० हजार, मुलगा नोकरीला लागलेला, मुलीचे शिक्षण चालू, आणि चार लाखांचे कर्ज.

सर्वांत आधी कराचा विचार करावा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालील निवाड्याने मिळालेल्या मोबदल्यावर त्या कायद्याच्या कलम ९६ प्रमाणे आयकर नाही. परंतु संपादन कोणत्या कायद्याखाली झाले, रक्कम मोबदल्याची आहे की विलंबाच्या व्याजाची, यावर उत्तर बदलू शकते. भूखंड विकून आलेल्या पैशावर तर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो. म्हणून निवाड्याची प्रत सनदी लेखापालास दाखवून कराची रक्कम, असल्यास, प्रथम वेगळी काढावी. जो पैसा सरकारचा आहे तो गुंतवू नये.

दुसरी गोष्ट बँकेची. निर्णय होईपर्यंत सर्व रक्कम एकाच बँकेत ठेवणे हीदेखील एक प्रकारची एकरकमी जोखीमच आहे. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदारास व्याजासह पाच लाखांपर्यंतच मिळते. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला, तेव्हा या मर्यादेचा अर्थ रायगड जिल्ह्याने जवळून पाहिला. मोठी रक्कम काही काळ ठेवायची असेल, तर ती मोठ्या राष्ट्रीयीकृत बँकांत आणि पती-पत्नींच्या खात्यांत विभागून ठेवावी.

आता वाटणी करू. चार लाखांचे कर्ज आजच फेडावे. कर्जाचे व्याज वाचणे ही खात्रीची कमाई आहे. दोन वर्षांचा घरखर्च, म्हणजे सुमारे ७ लाख, मुदत ठेवीत ठेवावा. मुलीचे शिक्षण आणि घराची दुरुस्ती यांसाठी पुढील पाच वर्षांत लागणारे १५ लाखही ठेवींतच राहावेत. उरलेल्या ३४ लाखांपैकी १६ लाख टपाल खात्याची मासिक प्राप्ती योजना आणि मुदत ठेवी यांत नियमित उत्पन्नासाठी जावेत. ही सर्व रक्कम एकरकमीच ठेवावी. ठेवीचा भाव रोज खालीवर होत नाही, म्हणून तेथे हप्ते पाडून काहीही मिळत नाही. हप्त्यांचा प्रश्न लागू होतो तो केवळ शेवटच्या १८ लाखांना, ज्यांची पुढील सात-आठ वर्षे गरज पडणार नाही.

हे १८ लाख बचत खात्यात ठेवून एसआयपी करण्यापेक्षा एसटीपी, म्हणजे पद्धतशीर हस्तांतर योजना, अधिक सोयीची पडते. तिची रीत अशी. प्रथम पॅन, केवायसी आणि नामनिर्देशन पूर्ण करावे. नंतर एखाद्या म्युच्युअल फंड संस्थेच्या लिक्विड फंडात १८ लाख एकदम ठेवावेत. हा फंड अल्प मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे गुंतवतो. त्यात बँकेसारखी हमी नाही, पण चढउतार अगदी थोडा असतो. मग त्याच संस्थेला लेखी सूचना द्यावी, की दरमहा दीड लाख रुपये अमुक तारखेला या फंडातून तिच्याच निर्देशांक फंडात वळवावेत, असे बारा महिने. हस्तांतर एकाच संस्थेच्या दोन फंडांत होते, म्हणून संस्था निवडतानाच तिच्याकडे आपल्याला हवा असलेला निर्देशांक फंड आहे का, ते पाहावे. प्रत्येक हस्तांतर कायद्याच्या दृष्टीने लिक्विड फंडातील विक्री असते आणि तिच्यावरील थोड्या नफ्यावर आपल्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. त्यासाठी वर्षअखेरीचे विवरणपत्र जपून ठेवावे.

या रीतीचा खरा लाभ असा, की निर्णय एकदाच घ्यावा लागतो. पैसा बचत खात्यात नसल्याने तो सहज खर्चही होत नाही आणि कोणी उसने मागितले, तर "गुंतवून टाकले" हे उत्तर खरे असते.

कोठे बिघडते आणि ते कसे ओळखावे

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे चौथ्या-पाचव्या हप्त्यानंतर बाजार पडला, की हस्तांतर थांबवणे. पहिली कहाणी पुन्हा पाहावी. शेजाऱ्याचा लाभ आला तो ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २००८ च्या, म्हणजे सर्वांत भीतीच्या महिन्यांतील हप्त्यांतून. ते दोन हप्ते थांबवणाऱ्याने विम्याचा हप्ता भरला आणि दावा करण्याच्या वेळी पॉलिसी फाडून टाकली, असे होते. थांबवण्याची तीव्र इच्छा होऊ लागली, तर त्याचा अर्थ असा, की शेअरच्या फंडासाठी ठरवलेला भाग आपल्या सोसण्यापलीकडचा होता. म्हणून आरंभीच स्वतःला विचारावे : या १८ लाखांचे एखाद्या वर्षी ९ लाख दिसले, तर घरात झोप लागेल काय? उत्तर नकारार्थी असेल, तर १८ चे १० लाख करावेत. भागच लहान करावा. हप्त्यांची संख्या वाढवून हा प्रश्न सुटत नाही.

दुसरी चूक विक्रेत्यामुळे घडते. मोठी रक्कम पाहून दरवर्षी पाच लाख भरण्याची विमा पॉलिसी गळ्यात मारली जाते. पहिल्या वर्षी पैसा असतो, तिसऱ्या वर्षी नसतो, आणि पॉलिसी बंद पडून भरलेल्यातील बराच भाग बुडतो. दरवर्षी उत्पन्न नसलेल्याने दरवर्षीचे बंधन घेऊ नये, हा नियम येथे पुरेसा आहे. आणि जो कोणी दरमहा ठरावीक परताव्याची हमी देतो, तो म्युच्युअल फंडाचे नाव घेत असला, तरी म्युच्युअल फंड विकत नसतो. कारण सेबीच्या नियमांखालील शेअर फंडाला अशी हमी देताच येत नाही.

आमचे मत थोडक्यात असे. ठेवींत जाणारा पैसा एकरकमी ठेवावा. शेअरच्या फंडात जाणारा पैसा एकरकमी गुंतवला, तर बहुतेक वेळा अधिक मिळते. पण ज्याला ही रक्कम पुन्हा मिळणार नाही, त्याने तो सहा ते बारा हप्त्यांत एसटीपीने वळवावा, आणि त्यासाठी येणारा थोडा खर्च जाणूनबुजून सोसावा. हप्त्यांची तारीख, रक्कम आणि शेवटचा महिना एका कागदावर लिहून पती-पत्नी दोघांनी त्यावर सही करावी आणि तो कागद निवाड्याच्या प्रतीसोबत ठेवावा.